सबमीटरचा हिशेब आणि एक कागद

भाड्याची खोली बघायला गेले की आपण भाडे विचारतो, अनामत विचारतो, पाणी किती वाजता येते ते विचारतो. लाईट बिलाचे विचारले तर घरमालक जिन्याखालच्या एका छोट्या पेटीकडे बोट दाखवतात. "सबमीटर आहे की. जितकं वापराल तितकं द्यायचं." आपण समाधानाने मान डोलावतो. मीही डोलावली होती. विज्ञान शाखेचा, त्यातही पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असून 'जितकं' म्हणजे किती आणि 'तितकं' म्हणजे काय, हे विचारायचे मला सुचले नाही, याची आज थोडी लाज वाटते.

जून २०२४ मध्ये आम्ही तिघे वडगावातील एका घराच्या माडीवर राहायला आलो. मी चंदगड तालुक्यातला, दुसरा खानापूरचा आणि तिसरा अथणीचा, घरी कन्नड बोलणारा. खाली घरमालकांचे पाच माणसांचे कुटुंब. त्यांना आम्ही काका म्हणतो. काका नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ, पण हिशेबाची वही कोणाच्या हाती न देणारे. दर महिन्याच्या एक तारखेला ते सबमीटर वाचत, वहीत कन्नड आकड्यांत काहीतरी लिहीत आणि युनिटला दहा रुपयेप्रमाणे पैसे मागत. आमची सुमारे सत्तर युनिटे होत. सातशे रुपये तिघांत वाटले की फार वाटत नसत. बिल आम्ही कधी पाहिले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका स्वतःच बिल घेऊन वर आले. घराची एकूण २१४ युनिटे झाली होती. "तुमच्या त्या कॉईलमुळं दोनशेच्या वर गेलं बघा. आता सगळं बिल तुम्हीच भरायचं." त्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला होता, आणि तो बघून अथणीच्या मित्राने हळूच विचारले, "काका, मागचे चार महिने तर बिल शून्य असणार ना?"

ते शून्यच होते. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घराच्या २०२२-२३ मधील मासिक सरासरी वापरात दहा टक्के मिळवून त्या घराची मोफत मर्यादा ठरवली गेली. एकूण वापर दोनशे युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागे. काकांच्या घराची सरासरी १७५ होती, म्हणून मर्यादा १९२. जुलै ते ऑक्टोबर घर या मर्यादेच्या आत राहिले. काकांना एक रुपयाही भरावा लागला नाही, आणि त्याच चार महिन्यांत आम्ही त्यांना २,८०० रुपये दिले होते.

काकांचे उत्तर तयार होते. "ते सरकारनं मला दिलंय. मीटर माझ्या नावावर आहे." हे उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, म्हणून त्याचा थोडा विचार करू. ती १७५ ची सरासरी कुठून आली? २०२२-२३ मध्ये याच माडीवर दुसरे भाडेकरू होते आणि त्यांची युनिटे त्याच मीटरवर पडत होती. खालचे कुटुंब एकटेच असते तर सरासरी कमी निघाली असती आणि मर्यादाही कमी मिळाली असती. म्हणजे १९२ ची सवलत मिळवण्यात माडीचाही वाटा आहे. आणि उलट बाजूने, आमच्या कॉईलमुळे दोनशे ओलांडले हेही मला मान्य नाही. २१४ पैकी शेवटची चौदा युनिटे आमची की काकांच्या गिझरची, हे युनिटाच्या कपाळावर लिहिलेले नसते. मुख्य मीटरच्या दृष्टीने पहिले युनिट आणि दोनशे चौदावे युनिट सारखेच.

म्हणून माझे मत असे आहे की, सबमीटर हे वीज वाटून घेण्याचे साधन आहे, वीज विकण्याचे नव्हे. २००३ च्या वीज कायद्यानुसार विजेचे वितरण आणि व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. घरमालकाकडे असा परवाना नसतो. तेव्हा नियम एकच: घरातल्या सर्वांकडून मिळून जमणारी रक्कम ही कंपनीला भरलेल्या बिलाइतकीच असली पाहिजे, एक रुपया जास्त नाही आणि एक रुपया कमी नाही. बिल शून्य तर वाटणीही शून्य.

त्या महिन्याचे बिल आम्ही भांडत-भांडत अर्धे-अर्धे केले. पण नंतर काका जे बोलले ते खरे होते. ते म्हणाले, "आणि मोटार कुणाच्या मीटरवर चाललीय? पाणी तुम्ही नाही वापरत?" पाण्याची मोटार मुख्य मीटरवर होती, म्हणजे तिचा सगळा खर्च काकांच्या अंगावर पडत होता. ज्या घरात फक्त भाडेकरूला सबमीटर असतो तिथे मालकाचा वाटा वजाबाकीने निघतो: मुख्य मीटरमधून सबमीटर वजा केला की उरलेले सगळे मालकाचे. त्या उरलेल्यात मोटार येते आणि कुठे गळती असेल तर तीही येते. दहा रुपयांचा दर लावून काका ही भर काढत होते. हेतू वाईट नव्हता, पण हिशेब अंदाजाचा होता, आणि शून्य बिलाच्या महिन्यांत तर त्या अंदाजाला काहीच आधार नव्हता.

मग परीक्षेनंतरच्या एका रविवारी आम्ही प्रयोगशाळेतल्यासारखे कामाला लागलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकण्यांना एक युनिट होते ते मीटरवरच छापलेले असते. आमच्या घरच्या दोन्ही मीटरांवर ३२०० होते. पहिली परीक्षा अशी की, संध्याकाळी माडीवरचे सर्व दिवे, पंखे, चार्जर बंद करून सबमीटरकडे बघत बसलो. तो लुकलुकायला नको होता. पण तो सावकाश लुकलुकत होता. खानापूरच्या मित्राने जिन्यातली ट्यूब बंद केली आणि दिवा थांबला. जिन्यातली जुनी ट्यूबलाईट आमच्या सबमीटरवर होती! चोकसकट ती सुमारे पन्नास वॉट घेते. रात्रीचे अकरा तास धरले तर महिन्याला सोळा-सतरा युनिटे. म्हणजे आमच्या सत्तरपैकी जवळजवळ पाव वापर जिन्याचा होता. काकांना हे माहीत नव्हते. घर बांधताना वायरमनने जवळची वायर ओढली, इतकेच.

दुसरी परीक्षा मीटरच्या खरेपणाची. अनेकजण हजार वॉटची कॉईल तासभर लावतात आणि एक युनिट पडते का ते बघतात. ही परीक्षा कच्ची आहे, कारण व्होल्टेज पाच टक्के उतरले की कॉईल जवळजवळ दहा टक्के कमी वीज घेते आणि मग दोष मीटरचा की व्होल्टेजचा हे कळत नाही. त्यापेक्षा दोन मीटर एकमेकांशी ताडून बघावेत. काकांनी पाच मिनिटांसाठी खालचे सगळे, फ्रिजसुद्धा, बंद केले. माडीवर फक्त आमची कॉईल चालू. एकजण मुख्य मीटरपाशी आणि एकजण सबमीटरपाशी उभा राहून मोजत होता. मुख्य मीटर २६१ वेळा लुकलुकला, सबमीटर २५८ वेळा. फरक एक टक्क्याच्या आसपास, तोही मोजताना झालेल्या चुकीसह. एवढा फरक दोन चांगल्या मीटरांत असू शकतो. तो पाच-सहा टक्क्यांवर गेला असता तर सबमीटर बदलायला सांगितले असते. (दोन मीटरांवर छापलेले आकडे वेगळे असतील तर आधी लुकलुकण्यांची युनिटे करून घ्यावी लागतात, हे ध्यानात ठेवावे.)

यानंतर वायरमनकडून मोटार आणि जिन्यातला दिवा मिळून एक तिसरा छोटा मीटर बसवून घेतला. त्याचा खर्च निम्मा आम्ही दिला. ट्यूब काढून नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला.

आता जानेवारीत आलेल्या बिलाचा हिशेब सांगतो, म्हणजे रीत समजेल. मुख्य मीटरवर २३६ युनिटे. थंडी कडक होती, त्यामुळे दोनशेच्या वर जाणारच होते. बिलाचे दोन भाग पडतात. वापरावर अवलंबून असलेला भाग, म्हणजे वीज आकार, इंधनाचे समायोजन आणि त्यावरील कर, मिळून १,५३४ रुपये. दुसरा स्थिर आकार, २४० रुपये. एकूण १,७७४. पहिला भाग २३६ ने भागला की युनिटला साडेसहा रुपये पडतात. स्थिर आकार या भागाकारात मिसळू नये. तो मंजूर भारावर असतो, दिवा लावा न लावा, द्यावाच लागतो. म्हणून तो आम्ही दोन कुटुंबांत निम्मा-निम्मा केला.

आमच्या सबमीटरवर ८४ युनिटे, त्याचे ५४६ रुपये. सामाईक मीटरवर २० युनिटे, त्याचे १३०. हे माणसांप्रमाणे वाटले. खाली पाच, वर तीन, म्हणून आमचे आठांपैकी तीन भाग, ४८ रुपये ७५ पैसे. स्थिर आकाराचे १२०. एकूण आमचे ७१४ रुपये ७५ पैसे. काकांची उरलेली १३२ युनिटे, त्याचे ८५८, सामाईकचे ८१ रुपये २५ पैसे आणि स्थिर १२०, एकूण १,०५९ रुपये २५ पैसे. दोन्ही रकमांची बेरीज १,७७४. ही बेरीज बिलाशी जुळली नाही तर कुठेतरी चुकले आहे असे समजावे. गंमत अशी की, जुन्या दहा रुपयांच्या दराने आम्ही ८४० दिले असते. म्हणजे भर थंडीच्या महिन्यात सव्वाशे रुपयांचाच फरक. ज्या दरावर आमचा सगळा राग होता तो तितका अन्यायाचा नव्हता. खरे नुकसान शून्य बिलांत आणि जिन्यातल्या ट्यूबमध्ये लपले होते.

तारखेची एक गोष्ट सुटू नये. काका एक तारखेला वाचत आणि हेस्कॉमचा माणूस पाच ते आठच्या दरम्यान केव्हातरी येई. एखादे बिल अठ्ठावीस दिवसांचे, एखादे तेहतीस दिवसांचे. थंडी नुकती सुरू झालेली असते, त्या आठवड्यात हे चार-पाच दिवस इकडचे तिकडे झाले की वजाबाकी बिघडते आणि कोणाच्या तरी पदरात दुसऱ्याची युनिटे पडतात. म्हणून आता रीडर येऊन गेला की त्याच दिवशी तिन्ही मीटरांचे फोटो मोबाईलवर काढून तिघा मित्रांच्या आणि काकांच्या गटात टाकतो. आकडे मीटरवर दिसतात तसेच, इंग्रजीतच लिहायचे ठरवले आहे. काकांचे कन्नड आकडे आम्हाला आणि आमचे मराठी आकडे काकांना कळत नव्हते, आणि एकदा त्यावरूनही वाद झाला होता.

कर्नाटकात एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेचा दर सर्व युनिटांना एकच झाला, त्यामुळे सरासरी दराची ही रीत इथे सोपी पडली. माझ्या गावी, महाराष्ट्रात, दर टप्प्याटप्प्याने वाढतात. तिथे साठ युनिटे वापरणारा एकटा भाडेकरू आणि तीनशे वापरणारे मालक एका मीटरवर असतील तर सरासरी दर त्या भाडेकरूला जड जातो, कारण वरच्या टप्प्यात तो स्वतः कधी पोचलेलाच नसतो. तिथे मी असे करीन: दोघांचे बिल वेगवेगळा मीटर असता तर किती आले असते ते आधी काढायचे आणि खऱ्या बिलाची रक्कम त्या प्रमाणात वाटायची. थोडे जास्त गणित आहे, पण बेरीज बिलाइतकीच राहते. सर्वांत उत्तम म्हणजे माडीला कंपनीचाच स्वतंत्र मीटर घ्यावा. पण त्याला मालकाची संमती आणि खर्च दोन्ही लागतात, आणि दोन वर्षांनी निघून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते कोण करणार?

पाण्याचेही असेच मीटरने करू म्हणून आम्ही उत्साहाने निघालो, आणि फसलो. गच्चीवरच्या टाकीतून माडीकडे येणाऱ्या पाइपवर छोटा पाण्याचा मीटर बसवला. पाण्याच्या मीटरवर काळे आकडे हजार लिटरांचे आणि तांबडे त्याच्या खालचे असतात. महिन्याने त्याने जेमतेम पाच हजार लिटर दाखवले. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या मापाने तिघांचे बारा हजार व्हायला हवे. आम्ही आंघोळीचे आळशी असलो तरी इतके नाही! मग बादलीने परीक्षा केली. वीस लिटरच्या पाच बादल्या नळ पूर्ण उघडून भरल्या, मीटरने ९७ लिटर दाखवले. त्याच पाच बादल्या नळाची बारीक धार धरून भरल्या, तर ६१. गच्चीच्या टाकीचा दाब कमी असतो. बारीक धारेने मीटरचे चक्र नीट फिरतच नाही आणि पाणी हिशेबाबाहेर निघून जाते. ज्या भागांत पाणी काही दिवसांआड येते तिथे मुख्य मीटरची उलटी खोड असते. पाणी येण्याआधी पाइपातली हवा सूं-सूं करीत बाहेर पडते आणि तिनेही चक्र फिरते. बेळगावातल्या ज्या वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे तिथे हा हवेचा त्रास नाही, पण आमच्या माडीचा कमी दाब तिथेही राहिलाच असता.

म्हणून पाण्याला आम्ही मीटर सोडून दिला आणि माणूस-दिवस धरले. एका महिन्यात आमच्यातले दोघे दहा-दहा दिवस गावी गेले होते. काकांकडचे १५० माणूस-दिवस, आमचे नव्वदातून वीस गेले, ७०. एकूण २२०. बिल ३३० रुपये, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाला दीड रुपया, आणि आमचे १०५. पाहुणे तीन दिवसांपेक्षा जास्त राहिले तर त्यांचेही दिवस धरायचे, हे काकांनी सुचवले, कारण पाहुणे आमच्याकडेच जास्त येतात. ही रीत मीटरइतकी बारीक नाही. पण जो मीटर शंभराचे एकसष्ट दाखवतो त्याच्यापेक्षा ती खरी आहे.

हे सगळे एका कागदावर, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला अथणीच्या मित्राने केलेल्या कन्नडात, लिहिले आहे. कागदात एवढेच आहे: बिल आले की त्याचा फोटो सर्वांना द्यायचा. रीडर आला त्याच दिवशी तिन्ही मीटर वाचायचे. वापराच्या रकमेला मुख्य मीटरच्या युनिटांनी भागून दर काढायचा आणि तोच सर्वांना लावायचा. स्थिर आकार निम्मा-निम्मा. सामाईक मीटर आणि पाणी माणूस-दिवसांवर. शून्य बिलाला कोणीच काही द्यायचे नाही. सर्वांची बेरीज बिलाइतकी आल्याशिवाय पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. खाली काकांची आणि आम्हा तिघांची सही, आणि त्या दिवशीचे तिन्ही मीटरांचे आकडे.

मागचे २,८०० काकांनी परत दिले नाहीत. आम्ही दोनदा मागितले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तेव्हा कागद कुठं होता?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

शेवटचे वर्ष संपून खोली सोडताना चालू महिन्याचे बिल आलेले नसते आणि त्यावरून अनामत अडकते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. त्यासाठी कागदाच्या तळाशी एक ओळ नंतर वाढवली आहे: सोडण्याच्या दिवशी तिन्ही मीटर वाचावेत, मागच्या बिलाचा दर लावून तेवढेच पैसे अनामतीतून कापावेत, आणि नवे बिल आल्यावर जो फरक निघेल तो ज्याचा असेल त्याने पंधरा दिवसांत द्यावा. ती ओळ काकांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, कन्नडात, आणि आकडे मात्र मीटरवरचे.